मांजराच्या पोस्टरवर किती लिहायचं?

"मांजर हरवलं? पोस्टरवर चार-पाच फोटो टाका. नाव, वय, सवयी, अंगावरची प्रत्येक खूण, घरचा पत्ता, बक्षिसाचा आकडा, सगळं लिहा. माहिती जितकी जास्त, तितकं मांजर लवकर सापडतं. आणि पोस्टर गावभर, प्रत्येक खांबावर लावा."

हा मेसेज मोबाइलवर उघडून बांदोड्याच्या एक ताई ऐन पावसात माझ्या फोंड्यातल्या डीटीपीच्या दुकानात आल्या. केशरी बोका दोन दिवस घरी नव्हता.

आधी फोटोंचं बोलू. ए-फोर कागदावर पाच फोटो बसवले की प्रत्येक काडेपेटीएवढा होतो. काडेपेटीएवढं केशरी मांजर कुठल्याही केशरी मांजरासारखंच दिसतं. एकच घ्यावा, अर्ध्या पानाचा, दिवसाउजेडी काढलेला, ज्यात तोंड, एक बाजू आणि शेपूट दिसते. ताईंचा सर्वांत लाडका फोटो कुशीत झोपलेल्या गोळ्याचा होता. तो बाजूला ठेवला. दुसऱ्यात बोका सोप्यावर छान उभा होता, पण फोटोत माणसंच जास्त. मांजरापुरता कापला तेव्हा रुंदीला जेमतेम चारशे ठिपके उरले. ते १८ सेंटीमीटरवर ताणले तर इंचाला साठसुद्धा पडत नाहीत, अंगावरचे पट्टे विरघळून जातात. मूळ फोटो ताईंच्या मुलाच्या फोनमध्ये होता. त्याला म्हटलं, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. पट्टे परत आले.

तरी एक घोळ राहिला होताच. बोका लाल कोब्यावर उभा. रंगीत प्रिंटमध्ये उठून दिसत होता, पण काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये करड्यात करडा होऊन गेला. मागची जमीन फिकी केली, आणि रंग अक्षरांत लिहिला. पोस्टर रंगीत असलं तरी रंग लिहावाच; त्याची झेरॉक्स उद्या कोण काढेल सांगता येत नाही.

आता मजकूर. तीसच्या वेगाने स्कूटर सेकंदाला आठ मीटर पुढे जाते. वाचणाऱ्याच्या हातात दोनेक सेकंद असतात, त्यात "त्याला मासळीतले बांगडेच आवडतात" कोण वाचणार? वर जाड ठशात "बोका हरवला", खाली फोटो, फोटोखाली "केशरी पट्टे, शेपटीचं टोक पांढरं", तळाला मोबाइल नंबर. बस्स. नंबर पाच-पाच आकड्यांत तोडला आणि इंग्रजी आकड्यांत ठेवला, कारण फोन लावताना बोटाखाली तेच असतात. मथळ्याखाली हिंदी आणि इंग्रजीत दोन-दोन शब्द. बांधकामावरचे कामगार दिवसभर रस्त्यावर असतात, मांजर आधी त्यांनाच दिसतं. घरचा पत्ता कशाला? वाड्याचं नाव पुरे.

अंगावरची प्रत्येक खूण लिहिणं मात्र नुसतं निरुपयोगी नाही, महागात पडणारं आहे. बोक्याच्या मागच्या उजव्या पंजाच्या गादीवर काळा ठिपका होता. तो मुद्दाम लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी ताईंना फोन आला: मांजर माझ्याकडे आहे, पेट्रोलचे पैसे आधी पाठवा. "मागच्या पंजाखाली काय आहे?" ताईंनी विचारलं. पलीकडून फोन कट. बक्षिसाचा आकडा छापला असता तर असे दहा आले असते. द्यायचंच असेल तर "योग्य बक्षीस" एवढं पुरतं.

राहिलं गावभर लावणं. बाराशेहून जास्त हरवलेल्या मांजरांची एक पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली होती. सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरं सुटल्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरच्या आतच होती. घाबरलेलं मांजर पळत सुटत नाही, जवळच्या आडोशाला दबून बसतं आणि हाक मारली तरी ओ देत नाही. म्हणून शंभर कागद फर्मागुडीपर्यंत वाटण्यापेक्षा तीस कागद आपल्या वाड्यात, घरोघर हातात द्यावेत. आणि खांबांवर चिकटवण्याविरुद्ध गोव्यात १९८८ चा विद्रूपीकरणाचा कायदा आहे. चिऱ्याच्या भिंतीला टेप तशीही धरत नाही. दुकानाच्या काचेला आतून, गडग्याच्या फाटकाला सुतळीने, मालकाला विचारून.

पावसाचं राहिलंच. इंकजेटची शाई एका सरीत निळी-गुलाबी होऊन ओघळते. लेझर प्रिंट घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत घालताना तोंड खाली ठेवा, नाहीतर पिशवीत पाणी साचून कागदाचा लगदा होतो. हे मी स्वतः एकदा करून बसलोय.

चौथ्या दिवशी तिसऱ्या घरातल्या आजीबाईंच्या सुनेचा फोन आला. कागद हातात मिळाल्यावर त्यांनी लाकडांच्या खोपीत टॉर्च मारला होता, मागे दोन डोळे चमकले. पंजाखालचा ठिपका बघायला कोणी हात घालेना, गुरगुरत होता. ताई स्वतः गेल्या, सुक्या बांगड्याचा तुकडा घेऊन.