माया किती सोडू?

"पोटाशी माया किती सोडू?" असे आमच्या टेलरकाकांनी विचारले, तेव्हा मला पाचवा महिना लागला होता आणि कोणत्याही साध्या प्रश्नाने माझे डोळे भरून येत होते. शिवणीच्या आत दडवून ठेवलेल्या जादा कापडाला माया म्हणतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. तरीही दुकानातच माझा कंठ दाटून आला. काकांनी घाईघाईने टेप गुंडाळली आणि "ताई, तयारच घ्या की, आता या दिवसांसाठी खास कपडे मिळतात," असा सल्ला दिला. तो सल्ला मानून मी एक जीन्स, एक गुंडाळी पद्धतीचा कुर्ता आणि एक छुप्या चेनचा फीडिंग कुर्ता अशी तीन वस्त्रे घरी आणली.

त्यांपैकी जीन्स ही केवळ मांडीपासून खाली जीन्स होती. वरचा भाग म्हणजे थेट छातीखालपर्यंत येणारा काळ्या होजिअरीचा पट्टा होता, आणि त्याच्या चिठ्ठीवर पंचाण्णव टक्के सुती व पाच टक्के स्पँडेक्स असे लिहिले होते. हे पाच टक्केच सगळा संसार सांभाळतात, कारण कापड ताणण्याचे काम विणही करते, पण ताणलेले कापड पुन्हा मूळ मापावर आणण्याचे काम त्या थोड्याशा धाग्यांकडे असते. पाचव्या महिन्यात मात्र त्यांना धरून ठेवायला माझ्याकडे पुरेसे पोटच नव्हते. डोंगर उगवण्याआधीच तंबू ठोकल्यासारखी ती पट्टी दर दहा पावलांवर खाली घसरे, आणि मी ठाण्याच्या भर बाजारात दोन्ही हातांनी स्वतःला वर ओढत असे. आठव्या महिन्यात पोटाने पट्टीला उत्तम आधार दिला. परंतु तेव्हा वैशाख होता, आणि वैशाखात पोटावर दुहेरी होजिअरी बाळगणे म्हणजे आतून शेक घेण्यासारखे होते. त्यातच मी ती गॅलरीच्या कडक उन्हात वाळवली आणि वर गरम इस्त्रीही फिरवली, त्यामुळे स्पँडेक्सने प्राण सोडला. अशी पट्टी मेली आहे की जिवंत, हे दोन बोटांनी ताणून सोडल्यावर कळते. सपाट परतली तर ती जिवंत असते. कडा लाटांसारख्या राहिल्या तर तिच्याकडून काही अपेक्षा ठेवू नये.

गुंडाळी कुर्त्याची गोष्ट हिशेबाची आहे. त्याचे पुढचे दोन पल्ले दोन्ही बगलांच्या शिवणींत पक्के असतात आणि पोटावर एकावर एक येतात. उजवा पल्ला वर, डावा आत, आणि बाजूच्या फटीतून बाहेर काढलेली नाडी मागे फिरवून बांधायची, अशी त्याची रचना होती. पाचव्या महिन्यात बेंबीपाशी माझा घेर शहाऐंशी सेंटिमीटर होता आणि पल्ले एकमेकांवर तब्बल तीस सेंटिमीटर चढलेले होते. मी निर्धास्त होते, कारण तीस सेंटिमीटर ही भरभक्कम शिल्लक वाटते. नवव्या महिन्यात घेर एकशे सहा झाला. पाठ जवळजवळ तेवढीच राहते, वाढ सगळी पुढच्या अंगाला होते आणि पल्ल्यांची रुंदी काही वाढत नाही. म्हणून वाढलेले वीसच्या वीस सेंटिमीटर त्या शिल्लकेतूनच वजा झाले. उरलेले दहा सेंटिमीटर उभे असताना पुरत. खुर्चीत बसले की पोट पुढे येई आणि दोन्ही पल्ले भांडलेल्या जावांसारखे एकमेकींकडे पाठ फिरवत. (माझ्या सख्ख्या जावेने याला हरकत घेतली आहे, म्हणून ही उपमा मी केवळ कंसाबाहेर ठेवते.) टेलरकाकांनी पल्ले एकमेकांवर येतात तिथे आतून एक टिचबटण लावून दिले, तेव्हा शांतता झाली.

तेवढ्यात पोटामुळे आणखी एक गंमत झाली. विसाव्या आठवड्यानंतर गर्भाशयाची उंची सेंटिमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकीच भरते, म्हणून डॉक्टरबाई दर भेटीला पोटावर टेप धरत. बत्तिसाव्या आठवड्याला त्यांची टेप बत्तीस दाखवून समाधानी झाली. पण तोच चढ चढताना माझ्या कुर्त्याचा पुढचा घेर वर उचलला गेला आणि मागचा जागीच राहिला. गरोदरपणाचे कपडे पुढून काही बोटे लांब कापलेले असतात ते याचसाठी. माझा नव्हता, त्यामुळे पुढून तो आखूड आणि मागून लांब असा दिसे.

खरी परीक्षा फीडिंग कुर्त्याने घेतली. हा प्रिन्सेस कटचा होता, म्हणजे बगलेपासून छातीवरून खाली उतरणाऱ्या दोन शिवणी, आणि त्या दोन्ही शिवणींत लपवलेल्या दोन चेन. कोणालाही दिसू नये असा त्यांचा दावा होता, आणि तो सर्वार्थाने खरा ठरला. बारशाच्या दिवशी आत्याबाई बाळाच्या कानात नाव सांगत होत्या, पाठीवर धपाटे पडत होते, आणि बाळाला मात्र नावापेक्षा दूध हवे होते. मी पडद्याआड गेले, बाळाला डाव्या हातावर घेतले आणि उजव्या हाताने डावी चेन शोधू लागले. ती चेन बंद करताना वर जाई, त्यामुळे तिची किल्ली थेट बगलेत दडून बसली होती. उजवा हात डाव्या बगलेत घालायचा तर मध्ये बाळाचे डोके होते. शेवटी चेन सापडली, तर तिच्या दातांत आतले अस्तर अडकले. "एवढे कशाला, पदर घेतला असता तर?" असे मावशींनी विचारले. त्यांच्या ब्लाउजला पुढून हूक आणि वर पदर, असे सोपे शास्त्र होते. फक्त वरचा पंखा चालू असेल तेव्हा त्या पदराचे काय होते, याबद्दल मावशी बोलत नाहीत.

नवजात बाळ दिवसाला आठ ते बारा वेळा दूध पिते. म्हणजे त्या चेनची दिवसातून तेवढीच उघडझाप, आणि प्रत्येक वेळी माझी ही कसरत. आठवडाभरात मी कुर्ता टेलरकाकांपुढे आणून ठेवला. त्यांनी चेन मोजली तर ती सात इंच निघाली, आणि त्यातला वरचा दीड इंच बगलेतच वाया जात होता. शिवाय दूध आल्यावर छातीचे माप बदलले होते, त्यामुळे आधी अगदी टोकावरून जाणारी शिवण आता टोकापासून दोन बोटे बाजूला पडली होती. काकांनी ती उसवली, आतली माया बाहेर काढली, शिवण पुन्हा टोकावर आणली आणि दहा इंची चेन लावली. ती खाली ओढली की बंद व्हावी, अशी उलटी, म्हणजे तिची किल्ली छातीखाली हाताशी राहावी. बाळाच्या गालाला दात घासू नयेत म्हणून चेनच्या मागे सुती पट्टीही लावली. "बघा, तयार कपड्यातही माया निघाली," असे ते म्हणाले, आणि माझे डोळे पुन्हा भरले.

बाळ आता चौदा महिन्यांचे आहे. जी चेन मला भर उजेडात सापडत नव्हती, ती बाळाला रिक्षात, रांगेत आणि सासरच्या मंडळींसमोर न बघता सापडते, आणि काकांनी सोय केल्यामुळे ती एका झटक्यात उघडतेही. म्हणून हल्ली त्या छुप्या चेनच्या टोकाला मी वरून, सर्वांना दिसेल अशी, एक मोठी सेफ्टी पिन लावते.