पंचपात्र एकच असतं

मी पणजीत एका मराठी दैनिकात मुद्रितशोधक आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरतो. 'परिक्षा'मधला पहिला रि दिसला की माझ्या हाताला खाज सुटते. मराठी शब्द मला कळतात, अशी माझी गेली बावीस वर्षं समजूत होती. ती शके १९४७च्या चवथीला, विश्वावसुनाम संवत्सरात, सकाळी साडेसात ते नऊ या वेळात उतरली.

फोंड्याकडच्या आमच्या मूळ घरात गणपती दीड दिवसाचा. पूजेला बाबा बसायचे. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी मांडी घालायला साफ नकार दिला आणि पाट माझ्याकडे आला. 'त्यात काय एवढं, भटमाम सांगतात तसं करायचं,' असं बाबा म्हणाले. भटमाम आले, पण त्यांचा घसा पहाटेपासूनच्या तीन घरांत संपला होता. पुढं अख्खा वाडा बाकी होता. त्यांनी पिशवीतून पोथी काढून माझ्या हातात दिली आणि कुजबुजले, "डॉक्टरांनी सांगितलंय, उपचार घे आणि बोलू नको. मी उपचार घेतो, तू उपचार कर."

हा विनोद आहे हे मला त्या वेळी कळलं नाही.

"यजमान खंय?" त्यांनी विचारलं. मी बाबांकडं बोट दाखवलं. आमच्या पेपरात यजमान म्हणजे ज्याच्या घरी पाहुणे येतात तो, किंवा क्रिकेटमधला घरच्या मैदानावर खेळणारा संघ. घर बाबांच्या नावावर, तेव्हा यजमान बाबा. तेवढ्यात आतून आजी म्हणाली, "यजमान जाऊन नऊ वर्षं झाली रे." तिच्या लेखी यजमान एकच, आमचे आजोबा. भटमामांनी दोघांनाही हातानंच थांबवलं आणि माझ्या छातीवर बोट टेकवलं. पूजेत यजमान म्हणजे पाटावर बसलेला माणूस. घर कुणाचं का असेना.

मग आईकडून हुकूम आला, "पंचपात्र घे फडताळातलं." मी शोधून शोधून पाच वाट्या आणल्या, त्यातली एक स्टीलची. आईनं कपाळावर हात मारला. पंचपात्र हे पेल्यासारखं एकच भांडं असतं, हे मला या वयात कळलं. शेजारी ताम्हण, त्यात पळी. पाटाच्या बरोबर वर माटोळी, म्हणजे फळाफुलांनी लगडलेली लाकडी चौकट, टांगलेली. त्यातलं एक तोरिंगाचं भलंमोठं फळ नेमकं माझ्या टाळूच्या रेषेत लोंबत होतं. पुढच्या दीड तासात त्याची आणि माझी चांगली ओळख झाली.

पहिलं आचमन. गोव्यात 'आचमन' म्हटलं की संध्याकाळची वेळ डोळ्यांसमोर येते, एप्रिल असेल तर हुर्राक आणि एरवी फेणी. 'जरा आचमन करून येतो' म्हणून गेलेली माणसं दोन तासांनी येतात, हा आमचा अनुभव. मी त्याच सढळ हातानं ओंजळभर पाणी घेतलं आणि घटकन प्यायलो. भटमाम खुर्चीत अर्धे उठले. नियम असा, की तळहाताला गाईच्या कानासारखा खोलगट आकार द्यायचा आणि पाणी घ्यायचं ते एक उडीद बुडेल एवढंच. केशव, नारायण, माधव या तीन नावांना तीन वेळा असं उडीदभर पाणी प्यायचं आणि चौथ्याला, गोविंदाला, ताम्हणात सोडायचं. मूळ धातूचा अर्थच मुळी घोट घेणं. तो गोव्यात आल्यावर ग्लासापर्यंत कसा वाढला, हा वेगळ्या संशोधनाचा विषय आहे. माझा पुतण्या आतून खरोखरच उडदाचा दाणा घेऊन आला आणि माझ्या तळव्यात टाकून पाणी मोजायला लागला. तेवढ्या पाण्यानं ओठ ओले होतात, बस्स.

पुढं संकल्प. माझा संकल्पांशी संबंध दरवर्षी एक जानेवारीला येतो आणि चार जानेवारीला संपतो. हा संकल्प मात्र पोथीत पानभर होता. सुरुवात ब्रह्मदेवाच्या आयुष्याच्या उत्तरार्धापासून. मग श्वेतवाराहकल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुग, त्याचा पहिला चरण, मग भरतखंड, मग दंडकारण्य, मग 'गोदावर्याः दक्षिणे तीरे'. फोंड्यापासून गोदावरी शेकडो किलोमीटर लांब. पण दक्षिणेला म्हणाल तर आहोतच. त्या हिशेबानं कन्याकुमारीही गोदावरीच्या दक्षिण तीरावरच. मग शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी. एवढा लांबलचक पत्ता वाचून मी जमिनीवर उतरलो आणि ठणठणीत आवाजात म्हणालो, "अमुकगोत्रोत्पन्नः अमुकशर्मा अहम्..."

घरात शांतता पसरली. फक्त तोरिंग हलत होतं.

'अमुक' हा शब्द मी रोज वापरतो. अमुक म्हणाला, तमुक म्हणाला. पण छापलेल्या ओळीत तो दिसला आणि मी छापील मजकुरावर विश्वास ठेवला, तोही मुद्रितशोधक असून. पोथीतला अमुक म्हणजे सरकारी फॉर्ममधली टिंबटिंब जागा. तिथं आपलं गोत्र आणि आपलं नाव भरायचं. ब्रह्मदेवापासून आमच्या अंगणापर्यंत सगळा पत्ता अचूक लिहून मी पाठवणाऱ्याच्या जागी 'कोणीतरी' असं घातलं होतं. "अरे, गोत्र कौशिक!" बाबा ओरडले. "नाव सांग स्वतःचं, नाहीतर पुण्य टपालात परत येईल."

दुरुस्ती केली. शेवटचं क्रियापद आलं, 'पूजां करिष्ये'. इथं माझ्यातला मुद्रितशोधक जागा झाला. शाळेत गच्छामि, गमिष्यामि घोकलेलं. 'करिष्ये' ही छपाईची चूक म्हणून मी 'करिष्यामि' असं सुधारून वाचलं. भटमामांनी डॉक्टरांचा सल्ला झुगारून दिला आणि फाटक्या आवाजात म्हणाले, "ते मी म्हणायचं! तू नाही!"

मग त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून माझ्या पायाला मुंग्या यायच्या थांबल्या. संस्कृतात काही धातूंना क्रियापदाची दोन रूपं असतात. कामाचं फळ करणाऱ्यालाच मिळणार असेल तर 'करिष्ये', दुसऱ्यासाठी करत असेल तर 'करिष्यामि'. पाणिनीनं तसं सूत्रच करून ठेवलंय. यज् धातूचंही तेच. स्वतःसाठी यज्ञ करणारा 'यजते', दक्षिणा घेऊन दुसऱ्याचा यज्ञ करून देणारा पुरोहित 'यजति'. आणि त्या 'यजते'वरूनच आला 'यजमान'. म्हणजे ज्याच्या पदरात फळ पडायचं तो. पाहुण्यांना चहा विचारणारा नव्हे, क्रिकेटचा संघ नव्हे, आजीचे आजोबाही नव्हेत. पाटावर बसल्यापासून दोन शब्द माझ्याभोवती फिरत होते आणि दोन्ही एकच गोष्ट सांगत होते. "तू करिष्यामि म्हणालास," भटमाम म्हणाले, "म्हणजे पाय तुझे दुखणार, फळ भलत्यालाच."

मी ताबडतोब 'करिष्ये' म्हणालो. दोनदा.

हातावर पाणी घेऊन ते ताम्हणात सोडलं, की संकल्प पक्का. सोडताना मनात आलं, 'पाणी सोडलं' असं आपण कशाबद्दल म्हणतो? गेलेल्या पैशाबद्दल. मित्राला दिलेल्या उसनवारीवर पाणी सोडलं, जमिनीवर पाणी सोडलं. दान देताना हातावरून पाणी सोडून 'हे आता माझं नाही' असं म्हणायची रीत, तिच्यातून हा वाक्प्रचार आला. मी त्या सकाळी कशावर पाणी सोडत होतो ते माहीत नाही. बहुधा बावीस वर्षांच्या प्रतिष्ठेवर.

आता सोळा उपचार. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान असे क्रमानं वाचत गेलो तेव्हा उजेड पडला, की हा दवाखाना नाही, ही पाहुण्याची सरबराई आहे. बोलवा, बसायला द्या, पाय धुवायला पाणी, हातावर पाणी, तोंडात पाणी, अंघोळ, कपडे. उपचार म्हणजे जवळ जाऊन सेवा करणं. आजाऱ्याजवळ जाऊन केली तर डॉक्टर बिल लावतात. मनापासून न करता केली तर तिला आपण 'औपचारिक' म्हणतो. शब्द तोच.

पण यातला खरा चमत्कारी शब्द 'अर्थे'. अर्थ म्हणजे मला माहीत होते ते दोनच, शब्दाचा आणि बँकेतला. पोथीत मात्र 'आसनार्थे अक्षतान् समर्पयामि' असं आलं. आसनासाठी अक्षता, म्हणजे प्रत्यक्षात आसनाच्या जागी अक्षता. देवाला बसायला सोन्याचं सिंहासन कुठून आणणार? चार न तुटलेले तांदूळ वाहायचे. संकल्पात आधीच सांगून ठेवलेलं असतं, 'यथामिलितोपचारद्रव्यैः', जे मिळालं त्यात भागवतोय. पुढं 'अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि' आलं आणि बायकोनं दारातून माझ्याकडं बघितलं. "चालतं का असं?" तिनं विचारलं. "मग पाडव्याला मला काय मिळणार ते कळलं."

अक्षता उकड्या तांदळाच्या नकोत, सुरय हवे, अख्खे हवे, यावर आई आणि आजी यांच्यात एक उपयुद्ध झालं. ते सोडून देतो.

गंधाला मात्र मी पुन्हा आपटलो. भटमाम कुजबुजले, "गंध घे." मी वाटीवर वाकून वास घेतला. उगाळलेलं चंदन नाकाच्या शेंड्याला लागलं, वर तोरिंगाचा टोला बसला. "गंध म्हणजे चंदन रे," बाबा हताशपणे म्हणाले. वास घ्यायचा होता तो देवानं, तोही धुपाच्या वेळी. तिथं क्रियापदही प्रयोजकच आहे, 'आघ्रापयामि'. हुंगतो नव्हे, हुंगवतो. दिव्याला 'दर्शयामि', दाखवतो. सगळी क्रियापदं पाहुण्याकडं तोंड करून उभी होती आणि मी एकटा स्वतःकडं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरपूजा. हिचा उत्तर दिशेशी किंवा प्रश्नाशी संबंध नाही, उत्तररात्रीसारखं हे 'नंतरचं' उत्तर, एवढं मी आता स्वतःच ओळखलं आणि भटमामांकडं शाबासकीसाठी पाहिलं. ते घड्याळ बघत होते. 'यान्तु देवगणाः सर्वे' म्हणून मी मूर्तीवर अक्षता टाकल्या आणि मूर्ती वीतभर सरकवली.

"झालं विसर्जन," भटमाम पिशवी आवरत म्हणाले.

"अजून तळीवर जायचंय ना?" मी विचारलं.

"ते मातीचं. देवाचं झालं." विसर्जन म्हणजे बुडवणं नव्हे, निरोप देणं. मंत्रात पाण्याचं नावही नाही. पूजा घेऊन जा आणि पुन्हा या, एवढंच आहे. आमच्या पेपरात मी दरवर्षी विसर्जनाच्या बातम्या तपासतो, त्यात किती मूर्ती, कुठल्या तळीत, पोलिस बंदोबस्त किती. सभाही विसर्जित होते, पण ती कुणी तळीत बुडवत नाही, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

तिन्हीसांजेला गुडघाभर पाण्यातून बाहेर आलो. नव्यानं मिळालेलं ज्ञान कुणाला तरी ऐकवायचं होतं. काठावर शेजारचे सदूमामा भेटले. सहा इयत्ता शिकलेले, जन्मात पोथी उघडली नसेल.

"पावयलो रे गणपती?" त्यांनी विचारलं. पोचवला का, असं. पाहुण्याला बसस्टॉपवर सोडून आल्यावर विचारतात ना, तसं.

"व्हय, पावयलो," मी म्हटलं आणि पँट पिळायला लागलो.