नंदीध्वजाचा तो फोटो आणि न हललेले चौकोन

*वाचकाची प्रतिक्रिया: "सर, तुमचा मागचा लेख वाचून jpegqs चालवलं. फोटोत तसूभरही फरक नाही. फोटोशॉपमध्ये जरा ब्लर केलं तर त्यापेक्षा बरं दिसलं, मग हा खटाटोप कशासाठी? आणि पुन्हापुन्हा सेव्ह केल्यानं फोटो खराब होतो हेही मला पटत नाही. मी एक फोटो त्याच क्वालिटीला वीसेक वेळा सेव्ह करून बघितला, डोळ्याला काहीच दिसलं नाही. सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या वेळचा नंदीध्वजाचा फोटो सोबत पाठवतोय. मंडळाच्या फ्लेक्सला वापरायचाय. तुम्हीच करून दाखवा."*

नमस्कार. फाईल उघडून बघितली. आधी तुमच्या वीस वेळांच्या प्रयोगाबद्दल बोलतो, कारण तो बरोबर आहे आणि jpegqs, म्हणजे जेपेगमधले चौकोन मऊ करणारं ते छोटं सॉफ्टवेअर, का हललं नाही याचं उत्तरही त्यातच आहे.

जेपेग फोटोचे ८×८ पिक्सेलचे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनाचे ६४ आकडे काढतं, त्यांना एका ठरलेल्या तक्त्यातल्या आकड्यांनी भागतं आणि उत्तर पूर्णांकात आणतं. नुकसान मुख्यतः या पूर्णांकात आणण्यात होतं. पण समजा भाजक २७ आहे आणि एकदा आकडा २७ च्या पटीत बसला, की पुढच्या वेळी तोच चौकोन तिथंच पडून त्याच २७ नं भागला गेला तर उरायला काही शिल्लकच नसते. त्यामुळे तीच क्वालिटी, तेच माप आणि तीच जागा असेल तर दोनचार सेव्हनंतर फोटो जवळपास स्थिर होतो. तुम्ही वीसच्या जागी दोनशे वेळा सेव्ह केलं असतं तरी हेच दिसलं असतं.

ग्रुपमधून फिरणाऱ्या फोटोचं मात्र असं होत नाही. कुणी स्क्रीनशॉट काढतो, कुणी कडा कापून "शुभ सकाळ" चिकटवतो, कुणी स्टेटसला लावायला मोठा करतो. प्रत्येक वेळी चौकोनांची जाळी नव्या जागी पडते आणि तक्ताही बदलतो. जुन्या जाळीच्या कडा आता नव्या चौकोनांच्या पोटात येतात आणि नवीन सेव्ह त्यांना फोटोचाच भाग समजून इमानेइतबारे जपून ठेवतं. मागच्या लेखात "पुन्हापुन्हा सेव्ह" म्हटलं होतं ते या अर्थानं.

आता तुमची फाईल. माप १०८०×८१०. ImageMagick च्या `identify` ला विचारलं तर क्वालिटी ९२ सांगतो. ९२ क्वालिटीच्या फाईलमध्ये आभाळाला असे ढळढळीत चौकोन दिसायलाच नकोत. म्हणजे चौकोन जुन्या कुठल्यातरी सेव्हचे आहेत आणि शेवटचं सेव्ह बिचारं निर्दोष आहे.

हे आकड्यांत बघू. गिंपमध्ये नंदीध्वजाच्या काठीच्या डावीकडचं मोकळं आभाळ ८०० टक्के झूम केलं आणि शेजारशेजारच्या चौकोनांच्या मधोमध उजेडाचं मूल्य घेतलं. एका चौकोनात ११८, पुढच्यात १२१, त्याच्या पुढच्यात १२५. म्हणजे तीन-साडेतीनची पायरी. चौकोनाचा सरासरी उजेड म्हणजे त्याचा पहिला आकडा भागिले ८. बहुतेक सॉफ्टवेअर वापरतात त्या नेहमीच्या तक्त्यात क्वालिटी ३० ला या पहिल्या आकड्याचा भाजक २७ येतो. २७ भागिले ८ म्हणजे साधारण ३.४. तुमच्या आभाळातली पायरी नेमकी एवढीच आहे. मूळ आभाळ वरून खाली हळूहळू उजळत होतं. ३.४ च्या पायऱ्यांत ते बसवल्यावर जिना तयार झाला.

आता jpegqs काय करतं ते बघा. ते फाईलमधला तक्ता वाचतं आणि म्हणतं, या भाजकाच्या हिशेबानं मूळ आकडा अमुक ते तमुक यांच्यामध्ये कुठंतरी असणार, त्या हद्दीत राहून फोटो जेवढा मऊ करता येईल तेवढा करतो. क्वालिटी ३० च्या फाईलमध्ये ही हद्द पायरीच्या अर्ध्याइतकी, म्हणजे दोन्ही बाजूंना १.७ असते, त्यामुळे जिना सपाट होऊ शकतो. पण तुमच्या फाईलमधला तक्ता क्वालिटी ९२ चा. तिथं पहिला भाजक फक्त ३, म्हणून चौकोनाचा उजेड हलवायची मुभा ०.२ पेक्षाही कमी. साडेतीनची पायरी ०.२ मध्ये कशी पुसणार? त्यानं नियमानं काम केलं, त्याला जागाच नव्हती.

ब्लरनं बरं दिसलं हेही खरं. पण काठी बघा. चौकोनाची कड जायला जेवढा ब्लर लागतो तेवढ्यात काठीवरची सजावट, बाराबंदीच्या चुण्या, संमती कट्ट्याजवळच्या गर्दीतले चेहरे, सगळं एकदमच मऊ होतं. मोबाइलवर चालून जातं. फ्लेक्सवर ते फोकस चुकल्यासारखं दिसेल.

तर करायचं काय? आधी जुन्या जाळीचं माप शोधायचं. आभाळात सलग दहा चौकोन मोजा आणि त्यांची एकूण रुंदी पिक्सेलमध्ये घ्या. एकच चौकोन मोजू नका, चूक होते. तुमच्या फोटोत दहा चौकोन १३५ पिक्सेलमध्ये बसले, म्हणजे एक चौकोन १३.५ चा. जेपेगचा चौकोन मुळात ८ चा असतो, म्हणून १३.५ भागिले ८ बरोबर १.६८७५. तेवढ्या पटीनं कुणीतरी फोटो मोठा केलाय. १०८० ला १.६८७५ नं भागलं की ६४०, आणि ८१० ला भागलं की ४८०. इतके गोल आकडे आले याचा अर्थ मधे कुणी कड कापलेली नाही. तुमचं नशीब चांगलं. कापलेल्या फोटोत जाळी कोपऱ्यापासून सुरू होत नाही. मग छोटा केल्यावर पहिली कड कितव्या पिक्सेलला येते ते बघून तेवढी पट्टी डावीकडून आणि वरून छाटलेली बरी.

लाल-भगव्या रंगाचे डाग याच्या दुप्पट, २७ पिक्सेलचे आहेत, तेही बघून ठेवा. कारण जेपेगमध्ये रंग बहुतेक वेळा अर्ध्या मापात साठवतात. पुढच्या पायरीत याचा उपयोग होतो. आता ImageMagick आणि ffmpeg नं या तीन ओळी चालवा:

```
magick nandi.jpg -filter Triangle -resize 640x480 lahan.png
ffmpeg -i lahan.png -vf "format=yuv420p,spp=6:10" saaf.png
magick saaf.png -filter Mitchell -resize 1080x810 mothi.png
```

पहिल्या ओळीनं फोटो परत ६४०×४८० होतो आणि जुने चौकोन पुन्हा बरोबर ८ पिक्सेलचे होतात. यात फारसं काही गमावत नाही, कारण मोठा करताना नवीन तपशील आलाच नव्हता. दुसऱ्या ओळीतली `yuv420p` मुद्दाम आहे: तिनं रंग अर्ध्या मापात जातात, म्हणजे रंगाचे डागही त्यांच्या मूळच्या ८ च्या चौकोनात येतात. ffmpeg मधल्या `spp` या फिल्टरची युक्ती मला फार आवडते. ते फोटोची जाळी एकेक पिक्सेल सरकवून पुन्हापुन्हा चौकोन पाडतं, प्रत्येक वेळी बारीकसारीक आकडे शून्य करतं आणि शेवटी सगळ्यांची सरासरी काढतं. `6` म्हणजे ६४ वेगवेगळ्या जागा, ८×८ मध्ये जेवढ्या शक्य आहेत तेवढ्या सगळ्या. जुनी कड थोड्याच जाळ्यांत चौकोनाच्या सीमेवर असते, बाकीच्यांत पोटात असते, म्हणून सरासरीत ती विरते. काठीची खरी कड मात्र प्रत्येक जाळीत ठळकच असते, त्यामुळे ती टिकते. जेपेगनंच जेपेगची घाण काढायची ही कल्पना नॉसरातिनिया यांनी २००१ च्या शोधनिबंधात मांडली होती.

`10` हा जोर आहे. स्थिर फोटोत तो आपणच द्यावा लागतो. ६ पासून सुरू करा आणि आभाळातला जिना जाईपर्यंतच वाढवा. जास्त झालं की नाही हे कळायला एक तपासणी आहे: गिंपमध्ये `saaf.png` वर `lahan.png` चा लेयर ठेवा, मोड डिफरन्स करा आणि लेव्हल्सनं उजेड खूप वाढवा. तिथं नुसते चौकोन आणि काठीच्या कडेची किचकिच दिसली तर काम नीट झालंय. बाराबंदीच्या चुण्या किंवा डोळ्यांच्या रेषा दिसायला लागल्या तर फोटोतलं खरं सामान तुम्ही कचऱ्यात टाकताय, जोर उतरवा.

तुमच्या फोटोत एकच जोर सगळीकडे चालत नाही, हे मी करून बघितलं. आभाळाला १४ लागतो, चेहऱ्यांना ८ च्या वर गेलं की मेणाचे पुतळे होतात. म्हणून दोन्ही काढून गिंपमध्ये एकावर एक ठेवा आणि मास्कनं आभाळ वेगळं करा. हात जरा मोकळा ठेवून मास्क रंगवला तरी चालतो, फक्त काठीच्या कडेला सावकाश. मोठा केल्यावर आभाळ फारच गुळगुळीत वाटेल आणि छपाईत त्याचे पट्टे पडतील. त्यावर अगदी थोडा नॉईज टाका, मूल्यात एक-दोन अंशांचा. शार्पन मात्र सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो नकोच, कारण राहिलेले चौकोन तेच पहिल्यांदा बाहेर काढतं.

यातून चेहरे परत येणार नाहीत. ६४० च्या फोटोत गर्दीतला एक चेहरा दहा-बारा पिक्सेलचा आहे, म्हणजे एक-दीड चौकोन. क्वालिटी ३० ला त्यातले बहुतेक आकडे शून्य झालेले असतात आणि शून्याचा मूळ आकडा कुणीच सांगू शकत नाही. दोन फूट रुंद फ्लेक्सवर हा फोटो इंचाला जेमतेम २७ पिक्सेल देईल. रस्त्यापलीकडून बघायला चालेल. मंडळाच्या ऑफिसात भिंतीवर लावणार असाल तर सहा इंच रुंदीच्या वर जाऊ नका.

आणि हे सगळं करण्याआधी ग्रुपच्या मीडियात मागे जाऊन ६४०×४८० ची फाईल सापडते का बघा, गड्ड्याच्या दिवसांतलीच. कुणाकडे तरी नक्की असेल. ती डॉक्युमेंट म्हणून मागवा, पुन्हा फोटो म्हणून नको. तिची क्वालिटी `identify` नं तिसाच्या आसपास सांगितली तर तिच्यावर थेट हे चालवा:

```
jpegqs juna.jpg saaf.jpg
```

तिथं त्याला हलायला १.७ ची मुभा मिळेल. वरच्या तीन ओळींपेक्षा निकाल चांगला येईल आणि मास्कही लागणार नाही.