आई गेल्यानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला मेसेज काय करायचा

स्पष्टच लिहिते. ज्याची आई नाहीतर वडील जाऊन अजून वर्ष झालं नाही, त्याच्या वाढदिवसाला गप्प बसायचं नाही. मेसेज करायचा. फक्त दरवर्षीचा फुगे आणि केकवाला नको, वेगळा करायचा, आणि तो लिहायला दहा-पंधरा मिनिटं जातात ती जाऊ द्यायची.

विषय निघाला तो आमच्या शाळेच्या ग्रुपमुळं. ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचा वाढदिवस संक्रांतीच्या आसपास येतो, म्हणजे इकडं गड्ड्याची जत्रा भरलेली, नंदीध्वजांची मिरवणूक, पाळण्यांचा गोंगाट, सगळं सोलापूर रस्त्यावर. तिची आई दिवाळीच्या आधी गेली. आणि आता निम्म्या बायका मला पर्सनलवर विचारालेत की विश करायचं का नको गं, त्यांच्यात वर्षभर सण नसतो ना, उगं आठवण करून दिल्यासारखं होईल.

आता सण नसतो हे खरंय. बऱ्याच घरांत वर्षश्राद्ध होईपर्यंत गोडधोड नाही, नवीन कपडे नाहीत, तोरण नाही. म्हणून केक घेऊन दारात जायचं नाही, तिळगूळसुद्धा आधी विचारून द्यायचा, एवढं पाळलं की झालं. पण माणसाशी बोलायचं नाही असं कुठल्याच घरात नसतं की ओ. आणि आठवण करून देण्याचं म्हणाल तर ती विसरलीय कुठं? त्या दिवशी सकाळी औक्षणाचं ताट कोण करायचं हे तिला माहितंय, आपल्याला नसेल. आपण गप्प बसलो तर तिला एवढंच कळतं की घरचं ताट नाही आणि फोनवरपण कुणी नाही.

उलटा प्रकारपण बघितलाय. ओळखीतल्या एकाच्या ऑफिसात, वडील जाऊन दीड-दोन महिने झाले असतील, लोकांनी "मूड चेंज" म्हणून सरप्राईज केक आणला, तोंडाला क्रीम बीम सगळं. तो हसला, फोटो काढू दिले, आणि नंतर अर्धा तास पार्किंगमध्ये गाडीत बसून होता. ऑफिसवाल्यांना वाटलं मस्त झालं. दुःख असलेला माणूस समोरच्याचं मन राखायला हसतो, त्यामुळं फोटोवरून काही कळत नाही.

नेदरलँड्समधले मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट, दोघं याच विषयावर काम करणारे, त्यांनी १९९९ मध्ये एक गोष्ट मांडली जी मला फार पटते. माणूस दुःखातून पायरी पायरीनं सरळ बाहेर येत नाही, तो हेलकावे खातो. थोडा वेळ गेलेल्या माणसात असतो, थोडा वेळ गॅस संपला, फी भरायची, लाईट बिल अशा रोजच्या व्यापात, आणि दोन्ही लागतं. वाढदिवसाला तर हे तासातासाला होत असणार. म्हणजे आपला मेसेज ती कुठल्या बाजूला असताना उघडेल हे आपल्याला कळायचा मार्गच नाही. भाजी चिरता चिरता वाचला तरी टोचू नये आणि रात्री एकटी असताना वाचला तरी पोकळ वाटू नये, असा लिहावा लागतो. अवघड काम याच्यातच आहे.

तर ग्रुपमधल्या एकीनं मला तिचा ड्राफ्ट पाठवला, तो घेऊनच सांगते, म्हणजे नीट कळेल. (तिला विचारून लिहितेय, हसत "लिही" म्हणाली.) ड्राफ्ट असा होता: "हॅप्पी बर्थडे डिअर! आई जिथं असेल तिथून तुला आशीर्वाद देत असेल. स्ट्रॉंग राहा, घरच्यांसाठी तुला हसावंच लागेल. काही लागलं तर सांग. कशी आहेस?"

मन चांगलंय, काही वादच नाही. पण एकेक वाक्य बघा. आई वरून आशीर्वाद देतीय हे तिनं म्हणलं तर ठीक, आपण म्हणायचं नाही. आई स्वयंपाकघरात हवी असताना वर आहे हे ऐकून कुणाचं काय भागतंय? दुसरं, स्ट्रॉंग राहा. हे तर ड्युटी लावल्यासारखं झालं, रडायचीपण सोय ठेवली नाही. काही लागलं तर सांग, यात मागायचं काम तिच्याच गळ्यात, आणि असल्या दिवसांत कोण मागत नाही. शेवटी कशी आहेस. याला उत्तर द्यावं लागतं, मग ती "ठीक" लिहिते, मग आपण अंगठा टाकतो, झालं, संपलं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हा मेसेज कुणालाही पाठवता येतो. त्यात तिची आई कुठंच नाही.

तिची आई म्हणजे आमची सगळ्यांची अम्मा. पूर्व भागातलं तेलुगू घर, अम्मा विड्या वळायची. सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडं हजारो बायकांनी विड्या वळून घरं चालवलीत. पानं भिजवायची, कात्रीनं मापात कापायची, सूप मांडीवर घेऊन तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, आणि मजुरी हजार विड्यांमागं. दहा हजार घरांची विडी कामगार बायकांची आख्खी वसाहत आहे कुंभारीजवळ, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. तर अम्मा दारात बसून वळायची आणि आम्ही पोरी समोर पाढे म्हणायचो. तिला मराठी वाचता येत नव्हतं पण सतराचा पाढा चुकला की बरोबर कळायचं, मान वर न करता "मळ्ळी चेप्पु" म्हणायची, म्हणजे परत म्हण.

मेसेजमध्ये जायला पाहिजे ते हे. एक खरी गोष्ट, तुम्ही स्वतः बघितलेली, छोटीशी. "खूप प्रेमळ होत्या" हे चालत नाही, ते तर दहाव्याला आलेला प्रत्येक माणूस म्हणून गेलाय. आणि आईला ती ज्या नावानं हाक मारते तेच नाव वापरायचं. अम्मा असेल तर अम्मा. "तुझ्या मातोश्री" लिहिलं की पत्रिकेसारखं वाटतंय.

आमचा मेसेज शेवटी असा झाला:

"ए, आज तुझा वाढदिवस. अम्मा नसताना पहिला, म्हणून हॅप्पी बिप्पी काही म्हणत नाही. सकाळपासून मला अम्मा दिसालीय, दारात बसलेली, मांडीवर सूप, हात चालू आणि कान आपल्या पाढ्यांकडं. सतराचा पाढा आजपण मला तिच्या मळ्ळी चेप्पुसकट आठवतो. तू होतीस म्हणून मला अम्मा मिळाली, त्यामुळं हा दिवस माझ्यासाठी तर भारीच आहे. रिप्लाय करू नको. संध्याकाळी सातच्या सुमारास कडक भाकरी आणि शेंगाची चटणी देऊन जाते, बसावं वाटलं तर बसू, नाहीतर पिशवी देऊन निघते."

यात शुभेच्छा हा शब्दच नाही, तरी शुभेच्छा आहेत. वाईट वाटायची मोकळीक आहे, हसायचीपण आहे, कारण अम्माचा तो दरारा आठवला की कुणालाही हसू येतं. मदतीची वेळ ठरलेली आहे आणि नको म्हणायला तिला काही करावं लागत नाही. आणि रिप्लाय करू नको हे वाक्य काढायचं नाही, कितीही तुटक वाटलं तरी.

आई-वडिलांना तुम्ही कधी भेटलाच नसाल तर खोटी आठवण बनवू नका. तिनं सांगितलेलं काहीतरी असतंच, "तुझे अण्णा हुतात्मा एक्सप्रेसला तास तास आधी नेऊन बसवायचे म्हणालीस ना" एवढं पुरे. आणि एक सांभाळा, प्रत्येकाचं आई-वडिलांशी गोड होतंच असं नाही. दारू, मारहाण, वर्षानुवर्षं अबोला, असं काही माहीत असेल तर देवमाणूस वगैरे लिहू नका, तिथं आठवण बाजूला ठेवून "आजचा दिवस कसा जाईल माहीत नाही, मी आहे" एवढंच बरं.

पुरुषांना तर अजून बेकार मेसेज येतात. वडील गेलेल्या पोराला वाढदिवसालाच "आता तूच घरचा कर्ता" म्हणून कळवायची काय गरज आहे? त्याला बँकेच्या कागदांवरून, वारसाच्या नोंदीवरून ते रोज कळतंय.

वेळेचं म्हणाल तर रात्री बाराला नको. बाराला जागी असेल तर ती कशामुळं जागी असेल याचा विचार करा. मी सकाळचं म्हणते, घरातली पहिली गडबड संपल्यावर, आणि सोलापुरात असाल तर त्या दिवशी पाणी येणारंय का तेवढं बघून, कारण पाण्याच्या दिवशी सकाळी कुणी मेसेज वाचत नाही, अम्मा असती तर तिनंच शिव्या घातल्या असत्या.

ग्रुपवर काय करायचं? पहिली विश एकीनं साधी टाकायची, बाकीच्यांनी तेच सांभाळायचं. नाहीतर एकीनं स्टिकर टाकला की चाळीस स्टिकर येतात आणि तिला चाळीस वेळा थँक्यू म्हणावं लागतं. इथं फेसबुकवर तर अम्मासोबतचा जुना फोटो शोधून तिला टॅग करायचा मोह होतो, तो आवरा. फोटो चांगला असेल तर तिला एकटीला पाठवा, तोपण आधी "अम्माचा एक फोटो सापडलाय, पाठवू का, आज नको असेल तर नंतर" असं विचारून. फेसबुकच्या मेमरीजच्या सेटिंगमध्ये एखादं माणूस किंवा काही तारखा लपवता येतात. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, तिला कधीतरी सांगून ठेवा, पण आपण होऊन तिच्या फोनवर करायला जाऊ नका, काहींना त्या दिवशी तोच फोटो बघायचा असतो.

पाठवून झाल्यावर निळ्या खुणा बघत बसू नका. नुसते हात जोडलेले आले तरी ठीक, काहीच नाही आलं तरी ठीक, आणि पाच मिनिटांचा रडका व्हॉइस मेसेज आला तर आपण काही चुकीचं केलं असं धरू नका. तो पूर्ण ऐका, आणि उत्तरात उपाय सांगू नका, अम्माबद्दल अजून एक गोष्ट सांगा.

आणि पुढच्या वर्षीचं आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा. वर्षश्राद्ध झालं की लोकांना वाटतं आता झालं सगळं, परत फुगे सुरू. दुसऱ्या वाढदिवसाला ग्रुपवर केकचे स्टिकर येऊ देत, हरकत नाही, पण तिला वेगळा एक मेसेज जाऊ दे ज्यात अम्माचं नाव असेल. माझ्याकडं अजून एक किस्सा राखून ठेवलाय, गड्ड्यावर अम्मानं भजीवाल्याशी तेलुगूत भांडून दोन भजी जास्त घेतलेली, आणि तो बिचारा कन्नडवाला होता.