साहेबांच्या नावाचं चक्रीवादळ: इच्छुकांसाठी मार्गदर्शन

चौक झाला, उड्डाणपूल झाला, वाचनालय झालं, स्मशानभूमीच्या पत्र्याच्या शेडवरसुद्धा साहेबांचं नाव लागलं. आता नाव द्यायला उरलंय काय, या चिंतेनं तुमच्यासारख्या निष्ठावंताची झोप उडाली असेल, तर समुद्राकडे पाहा. तिथे दरवर्षी चार-पाच चक्रीवादळं तयार होतात आणि प्रत्येकाला नाव लागतं. आठवडाभर सगळ्या वाहिन्यांवर तेच नाव, शेजारच्या देशांच्या वर्तमानपत्रांतही तेच, आणि बॅनरचा खर्च शून्य. एवढी संधी सोडायची नसते.

अर्ज कुठे करायचा, ते आधी समजून घ्या. ही नावं वाहिन्यांचे निवेदक ठेवत नाहीत आणि मंत्रालयातही ती ठरत नाहीत. जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा आशिया-पॅसिफिकसाठीचा आयोग यांनी मिळून बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांच्याकाठच्या देशांचं एक मंडळ केलंय. त्यात सध्या तेरा देश आहेत. प्रत्येक देश आपापली नावं देतो, मंडळ ती मान्य करतं, आणि प्रत्यक्ष वादळ उठलं की यादीतलं पुढचं नाव त्याला चिकटवायचं काम दिल्लीचं हवामान खातं करतं. म्हणजे पाकिस्ताननं सुचवलेलं नाव दिल्ली जाहीर करते आणि भारतानं सुचवलेलं नाव येमेनच्या किनाऱ्यावर जाऊन आदळतं. इतकं सौहार्द या देशांमध्ये दुसऱ्या कुठल्या विषयावर तुम्हाला सापडणार नाही.

आनंदाची बातमी अशी की भारतात सामान्य नागरिकालाही नाव सुचवता येतं. हवामान खात्याच्या महासंचालकांना, दिल्लीतल्या मौसम भवनाच्या पत्त्यावर, पत्र पाठवायचं. तेव्हा लेटरहेड काढा. मात्र पत्र टाकण्यापूर्वी नियम एकदा डोळ्यांखालून घाला, कारण पहिलाच नियम तुमच्या मुळावर उठणारा आहे. नाव राजकारण, राजकीय व्यक्ती, धर्म, संस्कृती आणि स्त्री-पुरुष भेद या सगळ्यांपासून अलिप्त असावं.

खचू नका. पूर्वोदाहरण आपल्या बाजूनं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात क्लेमेंट रॅग नावाचे हवामानतज्ज्ञ होते. त्यांनी वादळांना खुशाल राजकारण्यांची नावं दिली. अडचण एवढीच, की ज्यांच्यावर त्यांचा राग होता त्यांची नावं त्यांनी त्यासाठी निवडली. 'अमुक महाशय समुद्रात दिशाहीन भरकटत आहेत' असं सरकारी अंदाजात छापून आलं की त्यांना किती बरं वाटत असेल! हा मुद्दा पत्रात घालायचा की नाही, ते साहेबांना विचारून ठरवा. विरोधी पक्षनेत्याचं नाव सुचवायला मात्र हे उदाहरण उत्तम आहे.

साहेबांना राजकीय व्यक्ती न म्हणता ऐतिहासिक विभूती म्हणून पुढे करावं, असं तुम्हाला वाटेल. कल्पना चांगली आहे, श्रीलंकेनं ती करूनही पाहिली. त्यांच्या जुन्या यादीत 'महासेन' हे नाव होतं. मोठमोठे जलाशय बांधणारा हा त्यांचा प्राचीन राजा. 2013 च्या मे महिन्यात बंगालच्या उपसागरात वादळ उठलं, पाळी श्रीलंकेची होती, नाव लागलं महासेन. आणि मग श्रीलंकेतच ओरड सुरू झाली, की ज्या राजानं देशात सुबत्ता आणली त्याचं नाव विध्वंसाला कसं देता? वादळ समुद्रात असतानाच नाव मागे घ्यावं लागलं. ते 16 मे रोजी बांगलादेशात चितगावजवळ धडकलं, आणि नोंदींत आता ते 'वियारू' म्हणून सापडतं. यातला बारकावा ध्यानात घ्या. नाव ज्यांनी दिलं आणि नावामुळे ज्यांच्या भावना दुखावल्या, ते दोघे एकाच देशाचे होते. 'साहेबांमुळे तीन तालुके पाण्याखाली' असा मथळा वाचून पहिला मोर्चा कोण काढेल? तुम्हीच.

तरी हट्ट असेलच, तर पुढचे नियम पाहा. नाव आठ अक्षरांत बसलं पाहिजे, आणि ही आठ अक्षरं रोमन लिपीतली मोजतात. बांगलादेशच्या 'बिपरजॉय'नं ही मर्यादा काठोकाठ गाठली. साहेबांच्या नावामागचे 'हृदयसम्राट', 'कार्यसम्राट' वगैरे इथेच गळणार. पण भारताच्या यादीत 'प्रभंजन' आहे, आणि ते रोमन लिपीत दहा अक्षरांचं होतं. मोजून पाहा. त्यामुळे नियमात थोडी ढील मिळते, हे गृहीत धरून चालायला हरकत नाही. तुम्हाला हे नवीन नसेल. नाव क्रूर किंवा असभ्य नसावं, असंही एक कलम आहे. त्याच यादीत 'आग' हेही नाव आहे, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नका.

नावासोबत उच्चारही द्यावा लागतो, तोही आवाजात रेकॉर्ड करून. हे काम चोख करा. 2021 सालच्या वादळाला लागलेलं नाव म्यानमारनं यादीत उच्चारासकट दिलं होतं, तो होता 'तौते'. आपल्याकडे बहुतेकांनी रोमन स्पेलिंग वाचलं आणि ते 'तौक्ते' करून टाकलं. कोकणात छपरं उडालेल्या माणसाला त्या 'क'शी काही घेणंदेणं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. साहेबांच्या आडनावाचं काय होईल, याचा अंदाज बांधा.

आता मुख्य प्रश्न. नंबर कधी लागेल?

इथे जरा वही-पेन घ्या. पहिली यादी 2004 ची. तेव्हा देश आठ होते, प्रत्येकाची आठ नावं, एकूण 64. बांगलादेशच्या 'ओनिल'नं ती सुरू झाली आणि मे 2020 मध्ये थायलंडच्या 'अम्फान'नं संपली. 64 नावं संपायला जवळपास सोळा वर्षं लागली. दुसरी यादी 2020 ची, तेरा देशांची तेरा-तेरा नावं, म्हणजे 169. देशांचा क्रम इंग्रजी वर्णमालेनं लावलाय, त्यामुळे बांगलादेश कायम पहिला आणि येमेन कायम शेवटचा. रायगडच्या किनाऱ्यावर येऊन नारळी-पोफळीच्या बागा आडव्या करणारं 'निसर्ग' हे या यादीतलं पहिलं नाव, बांगलादेशचं. तेरा देशांची एक फेरी मे 2023 मध्ये 'मोखा'वर संपली, दुसरी नोव्हेंबर 2025 मध्ये 'दितवा'वर. म्हणजे साडेपाच वर्षांत दोन फेऱ्या झाल्या आणि अकरा उरल्या. हाच वेग राहिला तर यादी संपता संपता 2055 उजाडेल.

भारताची तेराही नावं केव्हाच ठरून बसली आहेत. 'गती' 2020 मध्ये खर्ची पडलं, 'तेज' 2023 मध्ये, आणि मागे 'मुरासू', 'व्योम', 'नीर', 'अंबुद' अशी रांग उभी आहे. मध्ये घुसायला जागा नाही, ओळख चालत नाही, कारण रांग पुढे सरकवणारा समुद्र आहे आणि त्याच्याकडे कुणाचा फोन जात नाही. तेव्हा व्यवहारी सल्ला असा, की पत्रात साहेबांच्या नातवाचं नाव घाला. पुढची यादी येईपर्यंत उमेदवारी त्यालाच मिळालेली असेल.

इतकी वाट पाहायची नसेल, तर अटलांटिककडे वळावं असं कुणी सुचवेल. तिथे खरंच माणसांची नावं देतात. सहा याद्या आहेत, प्रत्येकीत 21 नावं, आणि सातव्या वर्षी पहिली यादी पुन्हा वापरात येते. म्हणजे एकदा नाव लागलं की दर सहा वर्षांनी फुकट प्रसिद्धी. आपल्या समुद्रात तसं नाही. इथे नाव एकदाच वापरतात आणि मग कायमचं बाद करतात, वादळानं शहर बुडवलेलं असो की नुसते ढग आणलेले असोत. अटलांटिकमध्ये मात्र फारच विध्वंस केला तरच नाव निवृत्त होतं. 2005 चं 'कॅट्रिना' असंच यादीतून काढलं आणि 2011 मध्ये त्या जागी 'कॅटिया' आलं. तिथे निवृत्ती हा सन्मान समजतात, हे साहेबांना सांगताना जरा जपून.

समजा, सगळं जमलं. नातवाचं नाव यादीत आलं, भारताची पाळी आली आणि समुद्रात काहीतरी घुमायला लागलं. लगेच फटाके लावू नका. नुसता कमी दाबाचा पट्टा नावाला पात्र नसतो. तिथला तीन मिनिटांचा सरासरी वारा ताशी 31 किलोमीटरवर गेला की त्याला 'डिप्रेशन' म्हणतात, 51 च्या आसपास 'डीप डिप्रेशन', आणि 62 गाठले तरच चक्रीवादळ. नाव तेव्हा मिळतं. पुष्कळ होतकरू डिप्रेशनं 60 पर्यंत येऊन विरतात. पावसानं गावं धुऊन निघतात, पण नाव नाही ते नाहीच. ते नाव मग पुढच्या वादळासाठी राखलं जातं.

आणि मिळालेलं नाव टिकेल, याचीही खात्री धरू नका. 'गुलाब'चं काय झालं पाहा. पाकिस्तानच्या यादीतलं हे नाव 25 सप्टेंबर 2021 ला बंगालच्या उपसागरातल्या वादळाला मिळालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते उत्तर आंध्रच्या किनाऱ्यावर, कलिंगपट्टणमजवळ आदळलं. जमिनीवर आल्यावर समुद्राची वाफ तुटली आणि वारा मंदावत गेला. आधी डीप डिप्रेशन, मग डिप्रेशन, मग नुसता कमी दाब. तेलंगण ओलांडून ते मराठवाड्यात आलं तेव्हा चक्रीवादळ उरलं नव्हतं, पण पाऊस असा पडला की सोयाबीन शेतातच कुजलं. उरलेसुरले अवशेष गुजरातवरून अरबी समुद्रात उतरले, गरम पाण्यावर पुन्हा जोर धरला आणि 1 ऑक्टोबरला 62 चा आकडा पार झाला. तोवर पाळी कतारची आली होती. त्याच वादळाचं नवं नाव 'शाहीन', आणि 3 ऑक्टोबरला ते ओमानला धडकलं.

म्हणजे एका किनाऱ्यावर पाकिस्तानचं नाव, दुसऱ्या किनाऱ्यावर कतारचं, आणि मधल्या ज्या भागात सोयाबीन गेलं, तिथल्या पंचनाम्यावर 'अतिवृष्टी' एवढंच. नातवाच्या नावाची कमान उभारायची असेल, तर ती किनाऱ्यालाच लावा. आतल्या जिल्ह्यांत त्या नावाची हद्द संपते.