पिरोजी पाणी दिसले की हिमनदीच, हा दावा चुकीचा आहे
"पाणी पिरोजी असेल तर ते हिमनदीचेच. नदी वेणीसारखी अनेक फाट्यांत वाहत असेल तर तीही हिमनदीचीच. पाणी गढूळ असेल तर पूर आलेला आहे. एवढे पाहिले की फोटो कुठला ते कळते."

हा संदेश माझ्या भाच्याने मला पाठवला, तो त्यावर विसंबून एक फोटो कॅनडाचा ठरवून मोकळा झाल्यानंतर. फोटोत पिरोजी तळे होते, काठापर्यंत झाडी होती आणि पाण्याखाली आडवा पडलेला ओंडका स्पष्ट दिसत होता. त्या ओंडक्यावर चुन्यासारखे पांढरट कवच चढलेले होते. एवढ्यावरूनच हिमनदी बाद होते.

हिमनदी खडक दळून त्याचे पीठ करते आणि त्यातले अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहिल्यामुळे प्रकाश विखुरतो व पाणी पिरोजी दिसते. पण त्याच कणांमुळे ते दुधाळही होते, त्यामुळे काठापासून थोडे दूर गेले की तळ दिसत नाही. न्यूझीलंडमधील पुकाकी सरोवराची नासाची उपग्रहचित्रे पाहिली तर सगळा क्रम एकाच चौकटीत सापडतो: वरून येणारी टास्मन नदी राखाडी, अनेक फाट्यांची, तिचा जाड गाळ सरोवराच्या तोंडाशी बसतो आणि बारीक पीठ तेवढे पुढे जाऊन पाणी रंगवते. म्हणजे हिमनदीतून नुकतेच निघालेले पाणी बहुधा पिरोजी नसून राखाडी असते, आणि संदेश नेमका तिथेच चुकतो.

भाच्याच्या फोटोत मात्र पाणी नितळ होते. चुनखडीच्या प्रदेशात पाण्यात विरघळलेला चुना बाहेर पडून लाकडावर, शेवाळावर थर धरतो आणि त्याचेच बांध तयार होऊन पायऱ्यापायऱ्यांची तळी बनतात. क्रोएशियातील प्लिटवित्से हे त्याचे ठळक उदाहरण. एका फोटोवरून तेच ठिकाण आहे असे मी ठामपणे म्हणणार नाही, पण शोध चुनखडीच्या प्रदेशात घ्यायचा, हे नक्की.

वेणीसारख्या प्रवाहांबद्दल अर्धे सत्य मान्य करावे लागेल, कारण हिमनदीच्या पायथ्याशी असे प्रवाह खरोखर आढळतात. परंतु त्यांना लागतो तो भरपूर गाळ, ढासळणारे काठ आणि कमीजास्त होणारा प्रवाह. बांगलादेशातील जमुना हिमनद्यांपासून शेकडो किलोमीटर दूर, सपाट मैदानातही तशीच वाहते.

गढूळ पाण्याच्या मुद्द्यावर फार लिहिण्याची गरज नाही. ॲमेझॉनचा सोलिमोइश हा प्रवाह अँडीजच्या गाळामुळे पुराविनाही मातकट असतो आणि मानाउसजवळ काळ्या नेग्रो नदीला भेटल्यावर दोन्ही रंग काही किलोमीटर शेजारीशेजारी वाहतात.

ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलाला वेणीची नदी समजणे हीदेखील याच संदेशाची देणगी. तिथे पाण्याच्या रेषा झाडाच्या फांद्यांसारख्या असतात: समुद्राकडे रुंद होत जातात, जमिनीकडे बारीक होऊन संपतात, आणि वेणीतल्या प्रवाहांप्रमाणे फुटून पुन्हा एकत्र येत नाहीत.