बेरीज असो वा गुणाकार, मोठा अनंतच उरतो. पण का?

"अनंतात अनंत मिळवला की अनंतच येणार, त्यात काय विशेष?" असं कुणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही. अनंत एकच असता तर चाललं असतं. पण १, २, ३... या संख्या जेवढ्या, त्या अनंताला अलेफ-शून्य म्हणतात, लिहितात ℵ₀, आणि रेषाखंडावरचे बिंदू त्याहून खरोखर जास्त आहेत. त्यांना c म्हणू. मग या दोघांची बेरीज c च का?

बहुतेक जण सम आणि विषम संख्यांपासून सुरुवात करतात. दोन्ही अलेफ-शून्य, एकत्र केल्या तरी अलेफ-शून्यच. बरोबर आहे, पण माझ्या मते ही उलटी वाट. गुणाकार आधी समजला की बेरीज फुकटात मिळते.

c गुणिले c म्हणजे चौरसातले सगळे बिंदू. ते एका रेषाखंडात मावतील? १८७७ च्या जूनमध्ये गणिती कॅन्टरने दुसरा गणिती डेडेकिंड याला पत्रातून युक्ती कळवली: चौरसातल्या बिंदूचे निर्देशांक x आणि y घ्यायचे आणि त्यांचे दशांश अंक आळीपाळीने एकात एक विणायचे. ०.२७५... आणि ०.९१४... यांचा होतो ०.२९७१५४... झालं, दोन संख्यांची एक!

डेडेकिंडने लगेच भोक दाखवलं. ०.३००० आणि ०.२९९९... ही एकच संख्या, म्हणून एक रूप ठरवावं लागतं. शेवटपर्यंत शून्यंच असलेलं रूप चालणार नाही असं ठरवू. आता ०.३१०१०१०१... घ्या. उसवल्यावर एका हातात ०.१११... येतो आणि दुसऱ्या हातात ०.३०००..., जो आपण नुकताच बाद केला. म्हणजे ही संख्या कुठल्याच बिंदूच्या वाट्याला येत नाही. एकास एक संगती फसली.

कॅन्टरने दशांश सोडून वितत अपूर्णांकांनी डागडुजी केली. आज तेवढी खटपट लागत नाही. विणकामात दोन वेगळे बिंदू एकाच संख्येवर कधी येत नाहीत, म्हणजे चौरस रेषाखंडात मावतो, थोडी जागा उरते इतकंच. रेषाखंड तर चौरसात आहेच. दोन्ही एकमेकांत मावले की ते सारखेच, हे श्रोडर-बर्नस्टाइन प्रमेय. म्हणून c × c = c.

आता बेरीज बघा, नुसती चेपायची:

c ≤ c + ℵ₀ ≤ c + c ≤ c × c = c

दोन्ही टोकांना c, मधलं जाणार कुठे! c + c म्हणजे c च्या दोन प्रती, आणि c × c मध्ये तर तशा c इतक्या प्रती. गुणाकारालाही हीच साखळी: c ≤ c × ℵ₀ ≤ c × c = c. (शून्याने गुणू नका, तिथे शून्यच येतं.)

कोणत्याही अनंतासाठी, त्याला κ म्हणू, हवं असतं ते एवढंच, की κ × κ = κ. पण सगळ्याच अनंत संचांसाठी ते सिद्ध करायला निवडीचं गृहीतक लागतं, म्हणजे कितीही रिकामे नसलेले संच असले तरी प्रत्येकातून एकेक घटक निवडता येतो हे मानावं लागतं. उलट, ते सगळ्यांसाठी मानलं तर निवडीचं गृहीतक त्यातूनच निघतं, हे टार्स्कीने १९२४ मध्ये दाखवलं.

आणि वजाबाकी मागू नका. सगळ्या संख्यांतून सम काढल्या तर विषम उरतात, अनंत. १० च्या पुढच्या सगळ्या काढल्या तर उरतात दहा. दोन्ही वेळा अलेफ-शून्यातून अलेफ-शून्यच गेला होता.